रायडरचा फोन वेगळा, साइटवरचा वेगळा: पडणं, हातमोजे, आवाज आणि बॅटरी

प्रश्न: मी हिंजवडी-वाकड भागात डिलिव्हरी करतो, रोज 10-11 तास. धाकटा भाऊ चाकणला बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे. दोघांचेही फोन वर्षभरात गेले. आता ‘मिलिटरी ग्रेड’ रग्ड फोन घ्यावा का? पडला तर खरंच टिकतो का, हातमोज्यांनी चालतो का, गोंगाटात ऐकू येतं का, बॅटरी दिवसभर पुरते का? बजेट प्रत्येकी 25 हजारांच्या आत.

उत्तर:

दोघांसाठी एकच मॉडेल घेऊ नका. साइटवरचा फोन मुख्यतः पडून आणि वाळूने खराब होतो. रायडरचा फोन हँडलवरची थरथर, ऊन आणि चार्जिंगच्या तोंडात शिरलेलं पाणी यांनी खराब होतो. खोक्यावरचा ‘मिलिटरी ग्रेड’ हा शिक्का यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल थोडं काही सांगतो, बाकीच्यांबद्दल जवळपास काहीच नाही. म्हणून आधी त्या शिक्क्याचा अर्थ पाहू.

खोक्यावर लिहिलेलं मिल-एसटीडी-810एच हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचणीपद्धतींचं पुस्तक आहे. सध्याची एच आवृत्ती 2019 ची. त्यात उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, थरथर, आदळणं अशा दोन डझनांहून जास्त चाचण्या आहेत, आणि कंपनीने त्यातल्या किती करायच्या याचं बंधन नाही. फोन तपासून प्रमाणपत्र देणारं कुठलंही सरकारी कार्यालय यामागे नसतं. कंपनी स्वतः किंवा पैसे देऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी करते आणि खोक्यावर छापते. त्यामुळे शिक्का पाहून थांबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात कोणती चाचणी, किती उंचीवरून आणि कसल्या पृष्ठभागावर केली ते लिहिलेलं असतं. तिथे उंची आणि पृष्ठभाग दिलाच नसेल, तर तो शिक्का नाही असं धरून चाला.

फोनसाठी नेहमी वापरली जाणारी पडण्याची चाचणी अशी: उंची 1.22 मीटर, म्हणजे 4 फूट. एकूण 26 वेळा पाडायचं: 6 पृष्ठं, 12 कडा आणि 8 कोपरे. खाली बरेचदा काँक्रीटवर ठेवलेला जाड प्लायवुड. आणि ही 26 पाडणी पाच नगांपर्यंत वाटून करायची मुभा आहे. पाच फोन वापरले, तर एका फोनच्या वाट्याला पाच-सहा पडणी येतात. यात लबाडी नाही, पद्धतच तशी आहे. फक्त ‘हा फोन 26 वेळा पडूनही टिकला’ असा अर्थ त्यातून काढू नये.

आता तुमच्या भावाचं पडणं पाहा. छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण सव्वा मीटरवरून सुटलेला फोन जमिनीला ताशी 17-18 किलोमीटर वेगाने लागतो. तोच फोन परांचीवरून किंवा स्लॅबच्या कडेवरून तीन मीटर खाली गेला, तर वेग ताशी 27-28 आणि आघाताची ऊर्जा जवळपास अडीच पट. त्यात खाली प्लायवुड नसतं, 20 एमएमची खडी असते. सपाट फरशीवर पडलं तर धक्का पूर्ण पृष्ठावर किंवा कडेवर पसरतो. खडीचं टोक काचेवर एकाच बिंदूला लागतं, आणि काच नेहमी अशा एका बिंदूपासूनच फुटते. म्हणूनच साइटवर फोन उपडा पडला की धोका सर्वांत जास्त. कव्हरची कड काचेपेक्षा निदान एक मिलिमीटर वर हवी. बोटाचं नख आडवं फिरवलं की ती कड अडकली पाहिजे. सपाट जमिनीवर एवढं पुरतं, खडीवर मात्र दगड त्या कडेच्या आत शिरतो. तिथे टेम्पर्ड काच चिकटवणं हाच उपाय. ती फुटली की शे-दोनशेत बदलायची.

साइटवर काच एका धक्क्याने फुटली असं वाटतं, पण ती बरेचदा आधीच कमकुवत झालेली असते. वाळूत क्वार्ट्झ असतं आणि ते फोनच्या कडक केलेल्या काचेवरही ओरखडे पाडतं. पँटच्या खिशात वाळूचे चार कण आणि फोन एकत्र राहिले की दिवसभर चालताना ते कण काचेवर घासत राहतात. हे बारीक ओरखडे उजेडात तिरकं धरल्यावरच दिसतात. पुढे साध्या, गुडघ्याच्या उंचीवरून पडण्यातही काच त्याच ओरखड्यापासून तडकते, आणि माणूस म्हणतो, ‘एवढ्याशा पडण्याने कसा गेला?’ भावाने फोनसाठी एक खिसा राखून ठेवावा, त्यात किल्ल्या, खिळे, टेप काही नको, आणि आठवड्यातून एकदा तो खिसा उलटा करून झटकावा. हा उपाय फुकटचा आहे आणि ‘शॉकप्रूफ’ शब्दापेक्षा उपयोगी आहे.

उंचीवर काम असेल तर आणखी एक गोष्ट. रग्ड फोन जड असतो, 240 ग्रॅमपासून 400 ग्रॅमच्याही पुढे. 300 ग्रॅमचा फोन दहा मीटरवरून पडला, तर खाली पोचताना त्याचा वेग ताशी 50 किलोमीटर होतो. तिथे फोनपेक्षा खालच्या माणसाच्या डोक्याची काळजी आधी. अशा फोनना सहसा कोपऱ्यात दोरी ओवायची जागा असते. मनगटात अडकवायची दोरी नको, ती सळईत अडकते. पट्ट्याला क्लिप होणारी, ताणली जाणारी गुंडाळीची दोरी घ्या.

रायडरचं पडणं वेगळं असतं. हँडल जमिनीपासून मीटरभर उंच, म्हणजे उभी उंची चाचणीपेक्षा कमीच. गाडी 40 च्या वेगात असताना होल्डरमधून फोन सुटला तरी तो रस्त्यावर त्या वेगाने सरळ आदळत नाही. तो मीटरभर खाली पडतो आणि मग घासत, कोलांट्या खात जातो. फ्रेम खरचटते, कोपरे झिजतात, पण फोन पुष्कळदा वाचतो. मागून येणारं चाक त्याच्यावरून गेलं, तर मात्र कुठलंच रेटिंग उपयोगी नाही. म्हणून रायडरने पैसे मजबूत फोनपेक्षा मजबूत होल्डरवर आधी घालावेत. चारही कोपरे धरणारा, स्क्रूने आवळायचा आणि वरून रबरी जाळी असलेला होल्डर घ्या. नुसत्या स्प्रिंगवर धरणारा होल्डर खड्ड्यात उघडतो. जड फोन असेल तर स्क्रू दर आठवड्याला तपासा, तो हळूहळू ढिला होतोच.

हँडलवरची थरथर हा पाडण्याच्या चाचणीत न येणारा विषय. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग बारीक तारांवर आणि चुंबकावर तरंगतं ठेवलेलं असतं. इंजिनाची सततची थरथर त्या यंत्रणेला ढिली करते. ॲपलने 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना हेच सांगितलं होतं: जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या हँडलवर फोन थेट लावू नका, आणि स्कूटर किंवा इलेक्ट्रिक गाडीवर लावायचाच असेल तर थरथर शोषणारा होल्डर वापरा. हा नियम कुठल्याही कंपनीच्या फोनला लागू आहे. बिघाड कसा ओळखायचा? कॅमेरा उघडल्यावर चित्र पाण्यासारखं लहरतं, बारीक टकटक ऐकू येते, किंवा पार्सलच्या पुराव्याचा फोटो आणि क्यूआर कोड जवळून स्पष्टच होत नाही. डिलिव्हरीसाठी फोन घेताना कॅमेऱ्यात ही तरंगत्या भिंगाची सोय, म्हणजे ‘ओआयएस’, नसणं ही उलट चांगली गोष्ट आहे. पंधरा हजारांच्या आतले बरेच फोन याच कारणाने हँडलवर जास्त टिकतात. ओआयएस असेल तर थरथर शोषणारा रबरी डँपर असलेला होल्डर घ्या.

पाण्याबद्दल थोडक्यात. आयपी हे फोन पाणी आणि धूळ किती अडवतो त्याचं रेटिंग. आयपी68 मधला 8 हा आकडा स्थिर गोड्या पाण्यात बुडवण्याचा आहे, फवाऱ्याचा नाही. धो-धो पावसात गाडी चालवताना फोनला फवारा लागतो, त्यासाठी आयपी66 हा आकडाही खोक्यावर वेगळा छापलेला हवा. हल्ली भारतात आयपी66, 68 आणि 69 असे तिन्ही आकडे छापलेले मध्यम किमतीचे फोन मिळू लागले आहेत, ते रायडरला चांगले. साइटवर पहिला आकडा 6, म्हणजे धूळ आत न शिरणं, जास्त कामाचा.

आता हातमोजे. स्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही. बोट जवळ आल्याने स्क्रीनखालच्या तारांच्या जाळीत विजेचा जो अतिसूक्ष्म फरक पडतो तो तिला कळतो. हातमोज्याने बोट मिलिमीटरभर दूर ठेवलं की तो फरक फिका होतो. सेटिंगमधला हातमोज्यांचा पर्याय एवढंच करतो की फिका फरकही ‘स्पर्श’ म्हणून मोजतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये तो `Settings > Display > Touch sensitivity` इथे आहे. इतर फोनमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत `glove` टाईप करून पाहा. काहीच आलं नाही, तर त्या फोनमध्ये तो पर्याय नाही.

यातला पेच पावसात कळतो. संवेदनशीलता वाढवली की पाण्याचा थेंबही बोटासारखा मोजला जातो. मग नकाशा आपोआप सरकतो, कॉल आपोआप उचलला जातो. म्हणजे पावसाळ्यात रायडरने हा पर्याय बंद ठेवायचा आणि बोटांच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेले हातमोजे वापरायचे. हे हातमोजे विकत घेताना टोक उलटं करून आत पाहा. तो राखाडी किंवा चंदेरी धागा आतून कातडीला आणि बाहेरून काचेला, दोन्हीकडे लागला पाहिजे. आत अस्तर शिवलेलं असेल तर धागा नुसता शोभेचा. जुन्या, आवडत्या हातमोज्यांना हाच धागा विकत आणून तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकाला सात-आठ टाके घातले तरी काम होतं. टाके आरपार हवेत.

साइटवर पातळ सुती विणीचे, तळव्याला पीयूचं कोटिंग असलेले हातमोजे असतील तर संवेदनशीलता वाढवून काम भागतं. जाड चामड्याच्या वेल्डिंगच्या हातमोज्यांनी कुठलाही फोन नीट चालत नाही, विक्रेता काहीही म्हणो. तिथे बाजूचं जादा बटण कामाला येतं. खऱ्या रग्ड फोनमध्ये असं एक बटण असतं, त्यावर टॉर्च, कॅमेरा किंवा वॉकीटॉकीसारखं बोलणं लावून ठेवता येतं.

तुमच्यासाठी इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ऑर्डर घेण्याचं बटण बरेचदा दाबायचं नसतं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं असतं. टकटक करण्यापेक्षा सरकवणं हातमोज्यांना अवघड, कारण मध्ये क्षणभर जरी संपर्क तुटला तरी पट्टी मागे जाते आणि तुम्हाला वाटतं ॲप अडकलं. बोटाचं टोक नाही, पेराचा सपाट भाग टेकवा, हलका दाब ठेवा आणि नेहमीपेक्षा हळू सरकवा. तरी जमत नसेल तर स्क्रीनवर काय काय चढवलंय ते पाहा. एक टेम्पर्ड काच ठीक. पण त्यावर पावसाचं प्लास्टिकचं पाकीट असेल, तर प्लास्टिक आणि काचेमध्ये हवेची पोकळी राहते आणि ती पोकळी एका जादा हातमोज्याइतकीच आड येते. प्लास्टिक काचेला चिकटून, ताणून बसलं पाहिजे.

दुकानात तपासायची सोपी रीत: स्वतःचे हातमोजे घालून डायल पॅडवर 1 ते 0 आकडे दोन वेळा, म्हणजे 20 वेळा दाबा. 20 पैकी 18 उमटले तर घ्या. 15 च्या खाली असेल तर घरी गेल्यावर सवय होईल असं मनात आणू नका.

आवाजाबद्दल कंपन्या डेसिबल सांगतात, पण किती अंतरावरून मोजले ते सांगतीलच असं नाही. समजा 10 सेंटिमीटरवर 100 डेसिबल मोजले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. हँडलपासून कान 80 सेंटिमीटर, म्हणजे अंतर तीन वेळा दुप्पट झालं: 18 डेसिबल गेले, उरले 82. वाकडच्या चौकातला रहदारीचा आवाज याच्याच आसपास असतो, आणि वर हेल्मेट. म्हणजे 100 चा स्पीकरही तिथे कसाबसा ऐकू येतो. त्यामुळे खोक्यावरचे पाच डेसिबल जास्त शोधण्यापेक्षा आवाज कुठे अडतोय ते पाहणं जास्त फायद्याचं.

पहिला अडथळा होल्डर. स्पीकर बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या तोंडाशेजारी असतो, आणि होल्डरचा खालचा जबडा नेमका तिथेच बसतो. फोन 180 अंशांत उलटा लावून किंवा जबडा सेंटिमीटरभर सरकवून आवाजातला फरक लगेच कळतो. स्पीकर दोन असतील, एक वर आणि एक खाली, तर एक झाकला तरी दुसरा चालतो. रायडरने दोन स्पीकरवाला फोनच बघावा. दुसरा अडथळा मळ. जाळीत धूळ आणि घाम बसला की आवाज हळूहळू उतरतो, इतका हळू की लक्षात येत नाही. जाळी खाली धरून कोरड्या, मऊ टूथब्रशने झाडा. टाचणी अजिबात घालू नका. जाळीमागे पाणी अडवणारा पातळ पडदा असतो, तो फाटला की आवाज सुधारणार नाहीच आणि पाणी मात्र आत जाईल. पावसानंतर आवाज घोगरा झाला तर ते जाळीत अडकलेलं पाणी असतं. स्पीकर खाली करून रुमालावर हलके आपटा आणि तासभर उभा ठेवा.

तिसरा अडथळा आवाजाचा नसतोच. ‘ऑर्डरची रिंग ऐकू आली नाही’ या तक्रारीत पुष्कळदा फोनने बॅटरी वाचवायला ॲपच झोपवलेलं असतं. `Settings > Apps > (ॲपचं नाव) > Battery` इथे `Unrestricted` निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये वेगळं `Autostart` असतं, तेही चालू करा. रिंगटोन निवडताना खर्जातलं गाणं नको. फोनच्या छोट्या स्पीकरला खर्ज निघत नाही, आणि इंजिनाचा आवाजही खर्जातलाच असतो, त्यात ते बुडून जातं. शिट्टीसारखी, तुटक-तुटक वाजणारी रिंग लावा. कानाला सर्वांत नीट ऐकू येतं ते याच उंच पट्टीत.

साइटवर ब्रेकर किंवा ग्राइंडर चालू असताना कुठल्याच फोनचा स्पीकर पुरत नाही. तिथे कंपनावर भर द्या. फोन ढिल्या खिशात नको, पट्ट्याला किंवा छातीच्या खिशात अंगाला लागून हवा, किंवा मनगटावर हजार-दीड हजाराचा कंप होणारा बँड. तुमच्यासाठी कायद्याची बाजूही आहे. चालवताना फोन हातात धरून वापरणं गुन्हा आहे. 2020 च्या सुधारित नियमात सूट आहे ती फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. गाडी बाजूला घेऊन बोलण्याला पर्याय नाही.

आता बॅटरी. एमएएच हा आकडा एकटा फसवतो, म्हणून तुमचाच दिवस मांडू. 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास असतात. उन्हात पूर्ण उजेडावर स्क्रीन, नकाशा, जीपीएस आणि डेटा मिळून ढोबळमानाने अडीच वॅट खर्च होतात. स्क्रीन बंद असताना लोकेशन चालू राहिलं तर अर्धा-पाऊण वॅट. 11 तासांत स्क्रीन 6 तास चालू धरली, तर 15 वॅट-तास आणि उरलेल्या 5 तासांचे 3, एकूण 18. नवा फोन जेमतेम संध्याकाळ गाठतो. वर्षभर रोज पूर्ण रिकामी-भरती झाल्यावर बॅटरी पंधरा टक्के बसली असं धरा, उरले 16. म्हणजे शेवटची दोन-तीन ऑर्डर बाकी असताना फोन बंद. 6000 एमएएचमध्ये साधारण 23 वॅट-तास, वर्षानंतर साडेएकोणीस. तुमच्या कामाला हा आकडा पुरतो. तुमचा खर्च माझ्या अंदाजापेक्षा वेगळा असेल, म्हणून एक दिवस सकाळी 100 टक्के करून दर दोन तासांनी टक्के लिहून ठेवा. दर तासाला 9 टक्क्यांपेक्षा जास्त जात असतील, तर 11 तास निघणार नाहीत.

पॉवर बँकचाही हिशोब तसाच. 10,000 चा पॉवर बँक फोनमध्ये 10,000 ओतत नाही. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत जाऊन 5000 च्या फोनला तो साधारण सव्वा वेळ पुरतो.

चार्जर लावलाय आणि तरी टक्के उतरताहेत, ही मे महिन्यातली नेहमीची तक्रार. चार्जर खराब नसतो. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर गेली की फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो, नाहीतर बॅटरी फुगेल. काळा फोन, काळं जाड रबरी कव्हर, थेट ऊन, पूर्ण उजेड आणि वर चार्जिंग, एवढं एकत्र आलं की 45 अंश दूर नाहीत. रग्ड फोनचं जाड रबर पडण्यापासून वाचवतं, तेच उष्णता आत कोंडतं. उन्हाने तापला की फोन स्क्रीनचा उजेडही स्वतःहून कमी करतो, आणि नेमकं दुपारी दोन वाजता नकाशा दिसेनासा होतो. म्हणून चार्जिंग हॉटेलबाहेर सावलीत थांबलेल्या वेळात करा, होल्डरवर छोटी छत्रीसारखी सावली लावा, आणि बंद प्लास्टिकचं पाकीट उन्हाळ्यात काढून टाका. वायरलेस चार्जिंगचा होल्डर घेऊ नका, तो स्वतःच फोन तापवतो.

गाडीवरून चार्ज करायचं असेल तर जोडणी किल्लीने चालू-बंद होणाऱ्या वायरवरून घ्या आणि मध्ये 3 अँपिअरचा फ्यूज टाका. थेट बॅटरीवरून घेतली तर चार्जर रात्रभर थोडं-थोडं पीत राहतो आणि सकाळी स्टार्टर कुरकुरतो. केबलचं टोक काटकोनातलं घ्या, आणि होल्डरला एक वेढा देऊन बांधा. लोंबती केबल खड्ड्याखड्ड्याला फोनच्या तोंडात हेलकावते आणि आतल्या पिना ढिल्या होतात. केबल तिरकी धरली तरच चार्ज होतंय, असं सुरू झालं की समजा सुरुवात झाली. पावसात ओल्या तोंडात चार्जिंग सुरू ठेवणं याहून वाईट. ओलाव्यातून वीज वाहिली की पिना काही दिवसांत काळ्या-हिरव्या पडतात. फोनने ओलावा असल्याचा इशारा दिला तर तो मिटवून पुढे जाऊ नका.

आता 25 हजारांत काय घ्यायचं. तुमच्यासाठी: साधाच फोन, 6000 एमएएच किंवा जास्त, दोन स्पीकर, आयपी66 आणि 68, शक्य तर ओआयएस नसलेला, पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. वर हजार-दीड हजाराचा डँपरवाला होल्डर आणि टेम्पर्ड काच. भावासाठी खरा रग्ड फोन पटतो. सॅमसंगचा एक्सकव्हर 7 भारतात 2024 मध्ये 27 हजारांच्या आसपास किमतीला आला, म्हणजे तुमच्या बजेटच्या किंचित वर. त्यात आयपी68 आहे, जादा बटण आहे, आणि बॅटरी 4050 एमएएचचीच असली तरी हाताने काढून दुसरी घालता येते. सुपरवायझरचा स्क्रीन-वेळ तुमच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे ती चालते. नवी किंमत आणि सुटी बॅटरी मिळते का, हे दोन्ही आधी विचारून घ्या. तेवढे पैसे नसतील तर साधा फोन, कोपरे जाड असलेलं कव्हर आणि टेम्पर्ड काच. बाहेरून मागवलेले 10,000-15,000 एमएएचचे चिनी रग्ड फोन दिसतात, पण तिथे आधी जिओचे 4जी बँड 3, 5 आणि 40 आहेत का पाहा, आणि व्होल्टीई, म्हणजे 4जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालते का ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या. जिओला 2जी-3जी नाही, व्होल्टीई चाललं नाही तर साधा कॉलच लागणार नाही. सुटे भाग इथे मिळणं अवघड, तेही धरून चाला. भावाची साइट कधी रासायनिक कारखान्याच्या आवारात गेली, तर हा रग्ड फोनही तिथल्या ज्वलनशील वायूच्या भागात न्यायचा नाही. त्यासाठी ठिणगी न पडण्याची खात्री दिलेले वेगळे फोन असतात.

आणि फोन जोरात पडला, काच शाबूत आहे, सगळं चालतंय, तरी त्याच दिवशी एक बघा. पाणी अडवणारा आतला चिकट थर धक्क्याने सुटू शकतो, बाहेरून काही दिसत नाही. मागचं झाकण चारही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा, कुठे टकटक होते का पाहा. मग साध्या कागदाची चिठ्ठी कडेच्या फटीत सरकवून बघा. कुठेही शिरली तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो फोन दुरुस्त होईपर्यंत पावसात झिपलॉकच्या पिशवीत.